वरचा थर कुणाचा

मावशींचा गाळा आणि बापूंचा गाळा समोरासमोर. मधे एक हातगाडी जेमतेम वळेल एवढी गल्ली. इतकी वर्षं समोरासमोर बसल्यावर माणसाला समोरच्याचा खोकलासुद्धा पाठ होतो. मावशींचे यजमान होते तेव्हा ते आणि बापू सख्ख्या भावांसारखे वागायचे, म्हणून बापू मावशींना वहिनी म्हणायचे आणि मावशी बापूंना भावजी. यजमान गेले, पण नातं गल्लीत तसंच राहिलं. बाकी सगळ्या बाजाराच्या त्या मावशी.

दोघांचा धंदा एकाच मालाचा, तरी कधी खटका उडाला नव्हता. कारण माल आणायची त्यांची एक रीत होती. पहाटे एकाच टेम्पोने दोघं ठोक बाजारात जायचे. बापूंचा आवाज खणखणीत, म्हणून लिलावात बोली बापूंची. मावशींचा हात जाणता. क्रेटच्या कडेने बोटं आत घालून त्या तळाचा टोमॅटो दाबून बघायच्या आणि नुसती मान हलवायच्या. हो किंवा नाही. त्या मानेवर बापू बोली लावायचे. क्रेट दोघांत एकच घ्यायचे, आणि गल्लीत आल्यावर निम्मं निम्मं.

पण निम्मं म्हणजे सारखं नव्हे. भरणारा माणूस चांगला लाल टणक माल वर मांडतो, दबलेला मऊ माल तळाला जातो. भरणाऱ्याचं ते कसब, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही, आपणही टोपली मांडताना तेच करतो. म्हणून मावशींच्या यजमानांनी पाळी लावून दिली होती. आज वरचा थर याचा, उद्या त्याचा. ज्याच्या वाट्याला खालचा, त्याने तो संध्याकाळच्या आत भाव पाडून काढायचा, आणि समोरच्याने तेवढ्यापुरता कानाडोळा करायचा. कुठे लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. दोघांच्या डोक्यात तेवढं.

सगळं बिघडलं ते बापूंच्या दाढेपायी.

त्या दिवशी बापू ठोक बाजारातून परस्पर दाताच्या डॉक्टरकडे गेले. रात्रभर कळवळले होते बिचारे. गाळ्यावर त्यांची बायको बसली. तिला एवढंच ठाऊक की अर्धं क्रेट समोर द्यायचं. तिने क्रेट फोडलं, वरचा निम्मा माल आपल्या टोपलीत घेतला आणि उरलेलं हमालाच्या डोक्यावर देऊन समोर पाठवलं. कुणीही असंच केलं असतं. पण त्या दिवशी वरच्याची पाळी मावशींची होती.

मावशींनी क्रेटात हात घातला आणि बोटं ओली झाली. क्षणभर त्या समोर बघत राहिल्या. बापूंच्या टोपलीत टोमॅटो कसे चेंडूसारखे चमकत होते. ‘भावजींनी बायकोला सांगून पाळी खाल्ली?’ मनात आलं, आणि तिथेच बसलं. विचारायला बापू जागेवर नव्हते, आणि त्यांच्या बायकोला विचारणं म्हणजे भांडण काढणं. मऊ माल काही थांबत नाही. मावशींनी पाटीवरचं चाळीस पुसलं, खडूने तीस लिहिलं. येणाऱ्या प्रत्येकीला सांगत राहिल्या, “मऊ आहेत बाई, आजच्या आज वापरा.” पाटीवर मात्र नुसतं तीस.

उन्हं चढल्यावर बापू आले. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. त्यांनी समोरची पाटी वाचली आणि जागीच उभे राहिले. त्यांच्या हिशोबाने आज वरचा माल वहिनींकडे; दाढेच्या ठणक्यात आपल्या टोपलीकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. चांगला माल, आणि तीसला? म्हणजे ही माझं गिऱ्हाईक ओढायला बसली! तोंडात कापूस नसता तर गल्ली ओलांडून विचारलं असतं, “काय वहिनी, लॉटरी लागली का?” आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण बोलता येईना. माणूस बोलू शकला नाही की हाताने बोलतो. त्यांनी बायकोच्या हातातला खडू घेतला आणि पाटीवर अठ्ठावीस लिहिलं.

मावशींनी ते पाहिलं. माझा वरचा माल घेतलात तो घेतलात, वर त्याच मालाने मलाच मारता? त्यांनी पदराने पाटी पुसली. सव्वीस.

झालं. तिथून जे सुरू झालं ते मग कुणाला आवरेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो आला तेव्हा मावशी त्यात बसल्या नाहीत. त्यांनी वेगळी गाडी केली. जे भाडं दोघांत वाटलं जायचं ते आता एकेकावर पडलं. दोघांत एक क्रेट पुरायचं, आता प्रत्येकाला आख्खं घ्यावं लागलं, आणि आख्खं क्रेट एका गाळ्यावर एका दिवसात संपत नाही. उरलं की ते दुसऱ्या दिवशी सुरकुततं, तिसऱ्या दिवशी सांडपाण्यात जातं. विकायचा भाव खाली येत होता आणि आणायचा खर्च वर जात होता. दोघं विहिरीच्या दोन बाजूंनी आत उतरत होते म्हणा ना.

लिलावाची तर वेगळीच तऱ्हा. अडत्या म्हणजे माल लिलावात काढून देणारा दलाल, जाडजूड, गमतीत बोलणारा. आजवर त्याच्यापुढे या गल्लीची एकच बोली असायची. आता दोन.

“पाचशे साठ,” बापू ओरडायचे.

“सत्तर,” मावशी. त्यांचा आवाज गर्दीत पोचायचा नाही, म्हणून हात वर करून.

“ऐंशी!”

“सहाशे!”

“वा वा, बोला, बोला! घरचं भांडण बाजारात आलं की माझी चांदी!” अडत्या हसत हसत म्हणायचा. “मावशी, सहाशे वीस झाले, दीर पुढे गेले तुमचे!”

मालाची किंमत दोघांनीच आपल्या हाताने चढवली, मग तोच माल गल्लीत आणून स्वतःच्या हाताने पाडला. आणि अजून एक गोष्ट. बापूंकडे आवाज होता पण मावशींचा हात नव्हता. ते वरचा लाल थर बघून बोली लावायचे आणि गाळ्यावर आल्यावर निम्मं क्रेट पाणी. मावशींकडे हात होता पण आवाज नव्हता. चांगलं क्रेट ओळखायच्या आणि ते मिळेपर्यंत भाव गगनाला. एका माणसाचे दोन हात तोडून वेगवेगळे कामाला लावावेत, तसं झालं होतं.

मावशी संध्याकाळी ओट्यावर बसून मनाशी मांडणी करायच्या. पूर्वी क्रेट साडेपाचशेला, टेम्पो-हमाली निम्मी, वीस किलोत दोन किलो नासाडी. सगळं धरून किलोला तेहेतीस-चौतीस पडायचं, चाळीसला विकायचं. पालेभाजी-मिरची धरून पोट भरेल एवढं सुटायचं. आता तोच किलो चाळीसच्या पुढे पडत होता आणि पाटीवर बावीस होतं. गिऱ्हाईक किती यायचं! रांग लागायची. आणि जेवढी रांग मोठी तेवढा खड्डा मोठा. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक बघून त्या आत जायचं निमित्त शोधू लागल्या.

बरं, माणसं काही जास्त टोमॅटो खात नव्हती. घरात चार तोंडं असतील तर भाव पडला म्हणून सहा होत नाहीत. आज इकडचं गिऱ्हाईक तिकडे, उद्या तिकडचं इकडे. एवढंच. आणि दोन्हीकडचं गिऱ्हाईक शहाणं झालं. गल्लीच्या मधोमध उभं राहून दोन्ही पाट्या वाचायचं.

“मावशी, समोर वीस म्हणतायत.”

“पाटीवर तर बावीस आहे.”

“पाटीवर आहे हो. तोंडी वीस.”

यात सगळ्यात पुढे खानावळवाला. रोज दोन्हीकडून मिळून मोठा माल उचलायचा. तो बापूंना म्हणायचा, मावशी अठराला देतेय. आणि मावशींना म्हणायचा, बापू अठराला देतोय. दोघं बोलत नव्हते, त्यामुळे खरं-खोटं करायला कुणी नाही. दोघांनीही त्याला अठराला दिला. बोलणं बंद झालं की खोटं बोलणाऱ्याला किती स्वस्त पडतं, देव जाणे!

टोमॅटोचं नुकसान भरून काढायला मावशींनी आलं-लसूण-मिरचीचा भाव चढवला. मग बायका टोमॅटो मावशींकडून घ्यायच्या आणि मिरची कोपऱ्यावरच्या दुकानातून. पालेभाजी आणायला हातात पैसा उरेना, तेव्हा पालेभाजीचा ओटा रिकामा पडला. गाळ्याच्या मालकाने दोनदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा स्वतः आला, चहाही नको म्हणाला आणि सांगून गेला, महिनाअखेरीला भाडं नसेल तर मी दुसरा बघतो.

मुलाचा फोन यायचा. मुलगा गुणी, सूनही गुणी. त्यात खोट नाही.

“आई, कशाला ओढतेस? बंद कर आणि ये इकडे. तुला काही कमी पडणार नाही.”

“ठाऊक आहे रे राजा.”

“मग?”

मग काय सांगणार? मुलाच्या घरी त्या सोफ्यावर बसल्या की हात मांडीवर ठेवून बसतात, पाहुण्यासारख्या. इथे पहाटे शटर वर करून, हात जोडून, पहिलं पाणी शिंपडताना त्या कुणाच्या तरी असतात, आणि कुणीतरी असतात. गाळा गेला तर जेवण मिळेल, माया मिळेल. पण मावशी कोण, हे सांगणारं काही उरणार नाही. त्यांनी फोन ठेवला आणि हाताचा वास घेतला. टोमॅटोच्या देठाचा वास. कितीही साबण लावा, जात नाही.

त्या आठवड्यात त्यांच्या हातून नको ती गोष्ट घडली.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक म्हातारे गिऱ्हाईक. एकटे राहायचे, एकट्यापुरतं घ्यायचे. भावाची घासाघीस नाही, निवडणं नाही. पिशवी पुढे करून म्हणायचे, “मावशी, तुमच्या हाताने घाला.” त्या दिवशी मावशींनी तळाशी तीन नासके घातले, वर तीन चांगले. मुद्दाम. हात थांबला नाही. उलट सफाईने चालला, याचंच त्यांना नंतर भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. पिशवी ओट्यावर ठेवली, रागावले नाहीत.

“मावशी, डोळे तपासून घ्या हो. हल्ली तुम्हाला कमी दिसायला लागलंय.” एवढं बोलून त्यांनी नजर टाळून मावशींच्या खांद्याकडे बघत नमस्कार केला आणि गेले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भगवंताने हा जाणता हात दिला तो कशासाठी, आणि आपण तो लावला कुठे! वरचा थर मांडणाऱ्या लबाडाला आयुष्यभर ओळखत आलो, आणि काल मास्तरांच्या पिशवीत तेच क्रेट भरलं. समोर बापू एका बाईशी तणतणत होते. तिला वजन कमी वाटत होतं. बापू! ज्यांच्या तराजूची गल्ली शपथ घ्यायची.

दुपारी गल्ली निवांत असते तेव्हा बापूंची बायको आली. बापू आत आडवे झाले होते. ती ओट्याच्या कडेला टेकली. दोन्ही मनगटांना पट्ट्या.

“ताई, कोथिंबीर आहे का?”

“नाही ग. हल्ली आणत नाही. मनगटांना काय झालं?”

“क्रेटं उचलते ना. हमाल परवडत नाही. यांची पाठ गेलीय.” तिने मागे वळून आपल्या गाळ्याकडे बघितलं. “ताई, एक विचारू? आमचं काय चुकलं?”

मावशींच्या तोंडून इतके दिवस कोंडलेलं बाहेर पडलं. “चुकलं? वरच्याची पाळी माझी होती त्या दिवशी! टणक माल तुमच्याकडे ठेवून मला तळ पाठवलात. वर अठ्ठावीस लावलेत.”

“कसली पाळी?”

“वरचा थर एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. भावजींनी तुला सांगितलं नव्हतं?”

बापूंची बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. “ताई, त्या दिवशी क्रेट मीच फोडलं. हे दाताच्या डॉक्टरकडे होते. मला काय माहीत वर काय आणि खाली काय! म्हटलं अर्धं द्यायचंय, वरचं काढलं, बाकीचं पाठवलं.” मग तिच्या ध्यानात आलं. “म्हणजे तुमच्याकडे मऊ माल होता म्हणून तीस?”

“नाहीतर कशाला!”

“अहो, हे तेव्हापासून म्हणतायत, वहिनींनी चांगला माल पाडून विकला, मला उठवायला बसल्यात.”

दोघी हसल्या असत्या. हसण्यासारखंच होतं. पण हसायला अंगात बळ लागतं. एकीने पट्टी घट्ट केली, दुसरीने रिकाम्या ओट्यावरची धूळ पदराने पुसली.

“सांगशील त्यांना?” मावशी म्हणाल्या.

“सांगते. पण ताई, आता सांगून काय परत येणार?”

दुसऱ्या पहाटे मावशी ठोक बाजारात लिलावाच्या कठड्याशी उभ्या होत्या. पलीकडे बापू, कमरेला पट्टा. त्यांनी एकदा मावशींकडे बघितलं आणि मान खाली घातली. म्हणजे कळलं होतं. पण गर्दीत, सगळ्यांसमोर, कोण काय बोलणार? दोघंही त्या बाबतीत मुलखाचे अडेल.

अडत्याने पहिलं क्रेट पुढे ओढलं. “बोला! हे बघा माणिक आहेत माणिक! पाचशे?”

मावशींनी कडेने बोटं आत घातली. तळ ओला. बापूंनी तोंड उघडलं, नेहमीसारखं. मग थांबले. कठड्यापलीकडून त्यांनी मावशींकडे पाहिलं, अगदी पूर्वीसारखं.

मावशींनी मान हलवली. नाही.

बापूंनी तोंड मिटलं. क्रेट दुसऱ्या कुणीतरी नेलं.

पुढचं क्रेट. मावशींची बोटं आत गेली, कोरडी बाहेर आली. मान हलली. हो.

“पाचशे वीस!” बापू ओरडले.

अडत्या मावशींकडे वळला. “मावशी, बोला की! दीर चालले घेऊन. चाळीस?”

मावशींनी हात पदरात गुंडाळला.

“साठ म्हणा! आज काय मौन आहे?”

“माझा घसा बसलाय हो,” मावशी म्हणाल्या. “माझ्या वाटचं भावजीच बोलतात.”

अडत्याचा चेहरा उतरला. आजूबाजूचे हसले. आणखी एकाने पंचवीस म्हटलं, आणि क्रेट पाचशे तीसला बापूंना सुटलं.

बाहेर टेम्पोपाशी बापू आले. क्रेट खाली ठेवताना कमर धरली. मग पट्टा सारखा केला.

“दाढ होती हो वहिनी ती,” शेवटी म्हणाले. “बोलता आलं असतं तर...”

“मला तर दाढ नव्हती,” मावशी म्हणाल्या. “मी कुठे बोलले?”

गल्लीत आल्यावर बापूंनी बायकोला बोलावून शेजारी उभं केलं, तिच्यासमोर क्रेट फोडलं, आणि वरचा थर मावशींच्या टोपलीत घातला. “हे बघ. आज वरचे वहिनींचे. उद्या आपले. ध्यानात ठेव.”

गोष्ट इथे संपली असती तर किती गोड झाली असती! पण बाजाराला माणसांचा समेट कळत नाही.

मावशींनी पाटीवर अडतीस लिहिलं. भाव त्यांनी बापूंना विचारला नाही, बापूंनीही सांगितला नाही. ज्याने त्याने आपापल्या खर्चाला पुरेल तो लिहिला. समोर एकोणचाळीस होतं, कारण खालचा माल असूनही बापूंना पाडायचं भय वाटत होतं. मग मावशीच गल्ली ओलांडून गेल्या.

“भावजी, खालचा माल आहे, तीस लावा. आणि पाटीवर लिहा, मऊ आहेत म्हणून.”

बापूंनी लिहिलं. अक्षर तिरकं, पण लिहिलं.

बायका आल्या, पाटी वाचून थबकल्या.

“अडतीस? अहो काल बावीसला दिलेत!”

“काल चुकत होतं बाई.”

“दोघं मिळून लुटायला बसलात का आता?”

“घेऊन तर बघा, दाबून बघा.”

“उद्या उतरेल, उद्या घेऊ.” आणि गेल्या. बावीस हाच खरा भाव, असं आता त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि ते दोघांनीच रोज खडूने त्यांच्या मनावर लिहिलं होतं. ते पुसायला पदर पुरणार नव्हता. खानावळवाला तर आलाच नाही. तुमचा माल बिघडलाय म्हणून तो आता परस्पर ठोक बाजारातून उचलत होता, आणि तो पुन्हा कधी आला नाही.

मास्तर मात्र आले. मावशींनी एकेक टोमॅटो दाखवून पिशवीत घातला.

“डोळे तपासलेत वाटतं,” मास्तर म्हणाले.

“हो मास्तर. उशिराच तपासले.”

महिनाअखेरीला भाडं पुरं झालं नाही. निम्मं झालं. मालकाशी बोलून मावशींनी पालेभाजीचा ओटा एका किल्लीवाल्याला दिला. निम्मं भाडं त्याचं. आता दिवसभर कानाशी कानस खरवडते आणि जिथे मेथी-पालकाच्या जुड्या रचायच्या तिथे कुलपं लटकतात. बापूंनी ओट्यावरचा विजेचा वजनकाटा विकून साधा घेतला. कमरेचा पट्टा काही सुटला नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. “मग, कधी येतेस?”

“येईन चार दिवस. राहायला नाही.”

“गाळा?”

“आहे. अर्धा आहे.”

“अर्ध्यात भागेल?”

मावशींनी समोर पाहिलं. बापू पाणी शिंपडून ओटा आवरत होते, एका हाताने, कारण दुसरा कमरेवर. त्यांची बायको उरलेले मऊ टोमॅटो वेगळे काढत होती. जाणारं गिऱ्हाईक मधे थांबलं, दोन्ही पाट्या वाचल्या, आणि काही न घेता पुढे गेलं.

“भागवू,” मावशी म्हणाल्या. “उद्या खालचा थर माझा आहे. लवकर निजते.”